आजोबांनी नारिंगी टोपणाच्या सिरिंज मागितल्या. नुसत्या बदलून द्यायच्या का?

गोळ्यापुड्या
कराडजवळच्या एका मोठ्या गावात माझं मेडिकल आहे. मागच्या आठवड्यातली गोष्ट सांगतो आणि मग प्रश्न विचारतो, कारण आमच्या केमिस्ट मित्रांच्या ग्रुपवर यावरून सरळ दोन तट पडलेत.

एक आजोबा आहेत, पंचाहत्तरीच्या आसपासचे, एसटीतून निवृत्त झालेले. इन्सुलिन ठरलेलं: ३०/७० मिक्स, ४०ची बाटली, सकाळी २० युनिट, रात्री १२. कितीतरी दिवस याच डोसवर शुगर छान होती. परवा आले ते नवी चिठ्ठी घेऊन आणि खिशातून टोपण लावलेली एक वापरलेली सिरिंज काढून म्हणाले, "हिच्यासारखीच दे बाबा. टोचलेली कळतसुद्धा नाही." टोपण नारिंगी. काउंटरवरचा पोरगा पाकीट काढायला वळलाच होता, त्याला थांबवलं.

ज्यांच्या घरात इन्सुलिन नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे बाटलीतलं साधं इन्सुलिन बहुतेक ४०चं असतं, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट. त्याला लाल टोपणाची सिरिंज. १००च्या इन्सुलिनला नारिंगी. सिरिंजवर ज्या रेघा असतात त्या युनिटच्या असतात, आणि बाटलीत त्याच ताकदीचं इन्सुलिन आहे असं धरून छापलेल्या असतात. नारिंगी सिरिंज २०च्या रेघेपर्यंत भरली की आत ०.२ एमएल येतं. ४०च्या बाटलीतलं ०.२ एमएल म्हणजे ८ युनिट. आजोबा समजत होते २०, अंगात जात होते ८. रात्रीचे १२ म्हणजे प्रत्यक्षात पाचसुद्धा नाहीत.

विचारल्यावर कळलं की पुण्याच्या मुलाने ऑनलाइन शंभराचं खोकं पाठवलं होतं. एक सिरिंज दोनदा वापरत ते संपलं, म्हणून आता माझ्याकडे आले. मी त्यांची बिलं काढली. पूर्वी बाटली बारा दिवसांत संपायची, कारण ४०० युनिटची बाटली आणि दिवसाला ३२ युनिट. खोकं आल्यापासून महिन्याला एकच बाटली गेलेली. शंका संपली.

आता गोम बघा. शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी नव्या चिठ्ठीत डोस सकाळी ३० आणि रात्री १८ केला आहे, शिवाय ग्लिमेपिराइडची गोळी जोडली आहे. त्यांच्या बाजूने बरोबरच आहे, उपाशीपोटी शुगर २४०. पण मी लाल सिरिंज हातात ठेवून "चिठ्ठीप्रमाणे घ्या" म्हटलं असतं, तर जो माणूस कालपर्यंत दिवसाला जेमतेम १३ युनिट घेत होता त्याला आजपासून खरे ४८ मिळाले असते. पावणेचारपट! आणि ज्या ३२वर शुगर नीट होती त्याच्याही दीडपट.

म्हणजे चुकीची सिरिंज द्यायची नाही हे उघड आहे, पण बरोबर सिरिंज देणंही त्या घटकेला धोक्याचं होतं. मी काय केलं ते नंतर लिहितो. आधी सांगा, केमिस्टने इथे काय करावं? आमच्या ग्रुपवर निम्मे म्हणतात, "लाल द्यायची आणि मोकळं व्हायचं, डोस हा डॉक्टरचा प्रांत."

शमा_कोथरूड
बाप रे. घरी आईचं इन्सुलिन आहे, आत्ता उठून सिरिंज बघून आले. लाल आहे. हुश्श.

खवचट_खंडू
@शमा, बाटली पण बघितलीत का? नुसती सिरिंज बघून हुश्श करायचं नाही असंच धागाकर्ते सांगतायत.

शमा_कोथरूड
बघितली. ४०. आता करू का हुश्श?

खवचट_खंडू
करा.

अडीचपट
मला यात एवढं घाबरण्यासारखं काही वाटत नाही. आमचे दादा, म्हणजे वडील, गेली कित्येक वर्षं ४०च्या बाटलीला नारिंगी सिरिंजच वापरतात. सोपं गणित आहे, अडीचने गुणायचं. डॉक्टरांनी २० सांगितले की आम्ही ५०च्या रेघेपर्यंत भरतो. एमएल तेवढंच येतं, अर्धा. करून बघा. आमच्याकडे लाल मिळायच्या नाहीत तेव्हा डॉक्टरांनीच हे शिकवलं होतं. शुगर उत्तम. लोकांना गणित शिकवा, सिरिंजच्या रंगाचा बाऊ कशाला?

स्टेथो
फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस.

अडीचपट, तुमचं गणित बरोबर आहे आणि तुमच्या वडिलांचा डोसही बरोबर जातोय. पण उद्या वडील दवाखान्यात ॲडमिट झाले आणि सिस्टरने विचारलं, "आजोबा, सकाळी किती घेता?" तर ते काय सांगतील? माझ्या अनुभवात पेशंट रेघेवरचा आकडा सांगतो. "पन्नास." वॉर्डात सिस्टर ४०च्या बाटलीतून लाल सिरिंजने खरे पन्नास काढणार. लाल सिरिंजवर ४०च्या पुढे रेघच नाही, तेव्हा तिला शंका यावी, पण दोन सिरिंज वापरून पन्नास पूर्ण केलेले मी पाहिले आहेत. तुमचं गणित तुमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत चालतं.

आता मूळ प्रश्न. धागाकर्त्यांनी जे ओळखलं ते आम्हा डॉक्टरांकडूनही सुटतं, हे आधी कबूल करतो. शुगर वाढली की आम्ही खाण्याबद्दल विचारतो, इंजेक्शन चुकतं का विचारतो, डोस वाढवतो. "बाटली किती दिवस जाते?" हे विचारत नाही. खरं तर तो एक प्रश्न पुरतो. बाटलीतली ४०० युनिटं भागिले रोजची युनिटं, एवढे दिवस ती जायला हवी, थोडं वाया जातं म्हणून एखादा दिवस कमीच. महिनाभर पुरली याचा अर्थ इन्सुलिन अंगात जात नाहीये. मग कारण सिरिंजचं असेल, रात्रीचा डोस चुकत असेल, किंवा काटकसर म्हणून आजोबा स्वतःच कमी घेत असतील. म्हणून बिलावरून शंका घ्यायची आणि खात्री मात्र त्यांना समोर बसवून भरायला लावूनच करायची.

लाल सिरिंज नव्या चिठ्ठीवर देऊन मोकळं व्हायचं असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. म्हाताऱ्या माणसाची शुगर आठवडाभर २४० राहिली तर मी काळजी करीन. एका रात्रीत ४०वर आली तर तो सकाळी उठेलच असं नाही. त्यात ग्लिमेपिराइड. ती गोळीही शुगर पाडते आणि किडनी थकलेली असेल तर रेंगाळत पाडत राहते.

तळेगावची_सून
छान धागा. माझ्या सासूबाईंना पेन आहे, त्याच्या सुया ८ एमएमच्या मिळतात, त्यांना फार दुखतं आणि पोटावर गाठी आल्या आहेत. ४ एमएमच्या सुया घ्याव्यात का? की सुई लहान घेतली की औषध कमी जातं?

खवचट_खंडू
ताई, वेगळी बस पकडलीत. पण चढलाच आहात तर बसा, कंडक्टर ओळखीचा आहे.

स्टेथो
@तळेगावची_सून, ४ एमएमने औषध कमी जात नाही, बहुतेकांना तीच पुरते. गाठी आल्या त्या सुईच्या लांबीने नव्हे, रोज त्याच जागी टोचल्याने. गाठीत टोचलेलं लागत नाही म्हणून लोक मुद्दाम तिथेच टोचतात, आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा बदलायला सांगा. मात्र जागा बदलली की तोच डोस जास्त लागू पडू शकतो, म्हणून त्या दिवसांत शुगर जास्त वेळा तपासा आणि तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. बघा, तुमचीही बस शेवटी याच स्टँडवर आली: चूक दुरुस्त केली की जुना डोस जड होतो.

नाशिकची_मुक्ता
आमच्याकडे नेमकं उलटं झालं होतं, लिहू की नको करत होते.

आईला मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयातून घरी सोडलं तेव्हा इन्सुलिन बदलून दिलं होतं. ग्लार्जिनची बाटली, रात्री १४ युनिट. ही बाटली १००ची. कोणी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही, कारण घरात आधीचीच लाल सिरिंज होती आणि भावाला भरता येत होतं. लाल सिरिंजमध्ये १४ची रेघ म्हणजे ०.३५ एमएल. १००च्या बाटलीतलं तेवढं म्हणजे ३५ युनिट. पहाटे आई असंबद्ध बोलायला लागली, अंथरूण घामाने भिजलेलं. घरात मीटर होतं, शुगर ४२. तोंडात ग्लुकोजचं पाणी चमच्याने घातलं, गिळता येत होतं म्हणून. तासाभराने परत खाली गेली तेव्हा गाडी काढली. ग्लार्जिन दिवसभर उतरत राहतं म्हणून डॉक्टरांनी चोवीस तास ठेवून घेतलं.

बाटलीवर १०० लिहिलं होतं. इंग्रजीत, कोपऱ्यात, जिथे कंपनीचं नाव सर्वांत मोठं असतं तिथे नाही.

गोळ्यापुड्या
मुक्ता, लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या आजोबांची चूक हळू मारते, तुमच्या घरची झटपट. त्यामुळे १००च्या बाटलीवर कोणी लाल सिरिंज मागितली तर मी आधी सगळ्या चौकशा करतो, मग बिल. आणखी एक प्रकार दुकानात दिसतो: पेन बिघडतं, घरात कार्ट्रिज शिल्लक असते, ती फेकवत नाही म्हणून तिच्यात सिरिंज खुपसून काढतात. कार्ट्रिज १००ची असते आणि घरात सिरिंज लाल. म्हणजे तुमच्याकडे झालं तेच.

ह्यूस्टनकर
आमच्या इथे माणसांचं इन्सुलिन १००चं, पण आमच्या मांजरीचं ४०चं! जनावरांचं इन्सुलिन अमेरिकेत ४०चं मिळतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. फार्मसीवाल्याला लाल सिरिंज मागितली तर तो चक्रावतो, व्हेटकडूनच घ्याव्या लागतात. बायकोला स्वतःला डायबेटिस आहे, तिची नारिंगी. फ्रिजच्या दारात एकीकडे बाई आणि एकीकडे माऊ. दोघींचे डबे वेगळे केलेत आणि माऊच्या डब्यावर तिचा फोटो चिकटवलाय.

खवचट_खंडू
बायकोच्या डब्यावर कोणाचा फोटो आहे ते विचारत नाही.

लीड्सवासी
इंग्लंडात ४० आणि ८० दोन्ही बंद करून १९८३मध्ये सगळं १००वर आणलं. भारतात अजून ४० का ठेवलंय हेच कळत नाही. एकच ताकद, एकच सिरिंज, प्रश्न मिटला. तुम्ही सगळे इथे टोपणांचे रंग पाठ करताय, मुळावर घाव का घालत नाही?

अडीचपट
हे मात्र पटलं.

स्टेथो
लांबून सोपं दिसतं. माझ्या ओपीडीतले निम्म्याहून जास्त इन्सुलिनवाले ४०च्या बाटलीवर आहेत कारण ती स्वस्त पडते आणि सरकारी दवाखान्यात तीच मिळते. समजा उद्या सगळ्या बाटल्या १००च्या केल्या. घराघरात लाल सिरिंजची पाकिटं पडलेली असणार. मुक्ताताईंच्या आईला जे झालं ते घरोघरी होईल. ४० बंद होऊच नये असं मी म्हणत नाही, पण बदलाचे ते मधले महिने कोण सांभाळणार ते आधी ठरवा.

लीड्सवासी
इथेही तो काळ सांभाळलाच की. फार्मसिस्टना तयार केलं, जुन्या सिरिंज परत घेतल्या.

केमिस्ट_चंदू
साहेब, इथे निम्म्या दुकानांत फार्मसिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं आणि फार्मसिस्ट स्वतः दुसऱ्या गावी. काउंटरवर बारावी पास पोरगा. त्याच्याकडून लाल-नारिंगीची अपेक्षा करताय? मीही केमिस्टच आहे, म्हणून बोलतोय.

आणि गोळ्यापुड्याभाऊ, राग मानू नका, पण तुम्ही डोसच्या भानगडीत पडलात हे मला पटत नाही. लाल सिरिंज द्या, "डॉक्टरांना भेटा" म्हणा. उद्या काही झालं तर लोक दुकानाच्या काचा फोडतात, डॉक्टरच्या नाही.

स्टेथो
@चंदू, डॉक्टरच्याही फोडतात.

माई_सांगली
मी एक्क्याऐंशीची आहे, इन्सुलिन स्वतःचं स्वतः घेते, नातवाने हे टाइप करून दिलंय.

तुम्ही सगळे लाल आणि नारिंगी म्हणताय. मोतीबिंदू झालेल्या माणसाला ट्यूबलाइटखाली हे दोन रंग सारखेच दिसतात. ऑपरेशन होण्याआधी मला दोन्ही विटकरी दिसायचे. त्या आजोबांना विचारा, त्यांना रंग वेगळा दिसला तरी का? आणि रेघा! नारिंगीच्या एक एमएलवाल्या सिरिंजवर एका रेघेला दोन युनिट, लालवर एका रेघेला एक. मी रेघा मोजून भरायचे, आकडे दिसायचे नाहीत. मग मी किती घेतलं असतं?

अडीचपट
माई, तुम्ही नारिंगीवर वीस रेघा मोजल्या असत्या तर ती ४०ची खूण झाली असती. म्हणजे ०.४ एमएल, ४०च्या बाटलीतले १६ युनिट.

माई_सांगली
म्हणजे आजोबांना ८ आणि मला १६. सिरिंज तीच, बाटली तीच. आता सांगा तुमचं अडीचचं गणित मला कसं शिकवणार?

खवचट_खंडू
माई १, गणित ०.

गोळ्यापुड्या
माई, तुमचा मुद्दा मी वहीत लिहून ठेवला. आजोबांना विचारलं. रंग वेगळा आहे हे त्यांना दिसलं होतं, पण त्यांना वाटलं कंपनीने टोपण बदललं. साबणाचं पाकीट बदलतं तसं.

आता काय केलं ते लिहितो.

आजोबांना आतल्या बाकावर बसवलं आणि एका रिकाम्या बाटलीत पाणी घेऊन "सकाळी भरता तसं भरून दाखवा" म्हटलं. त्यांनी नारिंगी सिरिंज वीसच्या खुणेपर्यंत व्यवस्थित भरली, बुडबुडा काढला, सगळं अगदी नेमकं. मग तेच पाणी लाल सिरिंजच्या नळीत उलटं सोडलं. आठच्या रेघेवर थांबलं. आजोबा बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तीन महिने मी टाकी अर्धीसुद्धा भरत नव्हतो." ड्रायव्हर माणूस.

मग त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. चंदूभाऊ, मी डोस सुचवला नाही. मी एवढंच सांगितलं: अमुक पेशंट, ४०ची बाटली, तीन महिने १००च्या सिरिंजने घेतायत, त्यामुळे २० आणि १२च्या जागी ८ आणि पाचच्या आत गेलंय, आणि तुमची आजची चिठ्ठी ३० आणि १८ची आहे. पलीकडे क्षणभर काही आवाज नाही, मग डॉक्टर म्हणाले, "चिठ्ठी फाडा." ग्लिमेपिराइड बंद. लाल सिरिंजने सकाळी १६, रात्री १०. रोज उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी शुगर, चौथ्या दिवशी आकडे घेऊन या. जुन्या २० आणि १२वर लगेच का नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, तीन महिन्यांत वजन उतरलंय, भूक कमी झालीय, जुना डोस आजच्या अंगाला बसेलच असं नाही, खालून वर येऊ.

मी फक्त चार दिवसांपुरत्या लाल सिरिंज दिल्या. जुनं खोकं संपलंय असं ते म्हणत होते तरी संध्याकाळी पोऱ्याला घरी पाठवलं. फ्रिजवर पाच नारिंगी निघाल्या. त्या काढून आणल्या, कारण घरात दोन रंग राहिले की कोणत्यातरी रात्री दिवे गेलेले असताना हाताला नेमका चुकीचा लागतो.

केमिस्ट_चंदू
फोनवर डोस बदलला याचा कागद काय? उद्या डॉक्टर म्हणाले मी असं बोललोच नाही तर?

गोळ्यापुड्या
डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर नवीन चिठ्ठीचा फोटो पाठवायला सांगितला. तो आल्यावरच आजोबांना सोडलं. वीस मिनिटं गेली. दुकानात गर्दी होती, दोन गिऱ्हाइकं गेली समोरच्याकडे.

केमिस्ट_चंदू
फोटो घेतला असेल तर ठीक. पण डॉक्टर फोन उचलत नाही तेव्हा काय? आमच्याकडे तर कंपाउंडर सांगतो साहेब ओटीत आहेत. रात्री नऊचं गिऱ्हाईक, डॉक्टर बंद, इन्सुलिन संपलेलं. सांगा.

स्टेथो
हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे नीटस उत्तर नाही. त्या एका रात्रीपुरतं मी असं म्हणेन की लाल सिरिंज द्या पण वाढवलेला डोस घेऊ देऊ नका. जो डोस आजवर अंगात खरोखर जात होता तेवढाच लालने घ्यायचा, म्हणजे आजोबांच्या बाबतीत रात्री साधारण पाच, आणि सकाळी पहिल्यांदा डॉक्टर गाठायचा. एका रात्रीत शुगर जास्त राहिली तर चालेल. पण हे केमिस्टने स्वतःच्या अधिकारात सांगावं का, यावर माझ्याच दोन डॉक्टर मित्रांचं माझ्याशी पटलेलं नाही. एक म्हणतो कॅज्युअल्टीला पाठवा.

केमिस्ट_चंदू
कॅज्युअल्टी ३५ किलोमीटर.

स्टेथो
म्हणूनच म्हटलं, नीटस उत्तर नाही.

नाशिकची_मुक्ता
मला एक विचारायचंय. पाण्याने मोजून दाखवायची ती युक्ती घरी करता येईल का? भावाला दाखवायचंय.

गोळ्यापुड्या
येईल. कप्प्यात ठेवलेली कोरी सिरिंज घ्या, वाटीत साधं पाणी. इन्सुलिनची चालू बाटली त्यात आणू नका आणि पाण्याला वापरलेली सिरिंज परत इंजेक्शनला नको. सिरिंजच्या नळीवरच कोणत्या ताकदीसाठी ते छापलेलं असतं, टोपण हरवलं तरी ते जात नाही. बाटलीवरचा आकडा आणि नळीवरचा आकडा एकच हवा. माईंसारख्या लोकांसाठी मी आता बाटलीच्या खोक्यावर जाड मार्करने ४० किंवा १०० लिहून देतो, आणि सिरिंजच्या पाकिटावरही तेच. आकडे जुळले की उघडायचं.

माई_सांगली
मोठं लिहा. अजून मोठं.

तळेगावची_सून
सासूबाईंनी जागा बदलली, काल शुगर ८८ आली, आधी दीडशेच्या वर असायची. घाबरून डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दोन युनिट कमी केले. स्टेथो, आभार. माझी बस बरोबर होती तर.

अडीचपट
दोन दिवस विचार करून लिहितोय. दादांना विचारलं, "तुम्ही किती युनिट घेता?" ते म्हणाले, "पन्नास." ठाम. म्हटलं, डॉक्टरांनी वीस लिहिलेत ना? म्हणाले, "ते डॉक्टरांचे वीस, माझे पन्नास."

लाल सिरिंज आणली. दादा हात लावायला तयार नाहीत. म्हणतात, इतकी वर्षं पन्नासवर आहे, आता वीसवर आणून मला मारायचंय का? पाण्याचा प्रयोगही दाखवला, दोन्हींत तेवढंच पाणी, तरी ऐकत नाहीत. सध्या त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय की खरा डोस २० युनिट, ०.५ एमएल, ४०ची बाटली. गणित बरोबर आहे हे माझं मत कायम आहे, पण दवाखान्याचा मुद्दा मान्य.

खवचट_खंडू
"डॉक्टरांचे वीस, माझे पन्नास." दादांना पतपेढीत संचालक करा.

स्टेथो
@अडीचपट, फाइलवर लिहिलंत ते उत्तम. लालची सवय त्यांना डॉक्टरांकडून लावा, मुलाचं कोणी ऐकत नाही. आणि एक, लाल सिरिंज घरात आणलीच आहे तर तोवर ती कपाटात कुलपात ठेवा. तुमच्या गैरहजेरीत भाचा नाहीतर सून लालने "पन्नास" भरायला बसली तर पंचाईत.

लीड्सवासी
गोळ्यापुड्या, आजोबांचं पुढे काय झालं ते राहिलंच.

गोळ्यापुड्या
चौथ्या दिवशी आकडे घेऊन गेले. उपाशीपोटी पहिल्या दिवशी २१०, मग १८०, मग १६०च्या आसपास. डॉक्टरांनी सकाळचे १८ केले, रात्रीचे १० तसेच ठेवले. एका दुपारी जेवायला उशीर झाला तेव्हा हात थरथरले म्हणाले, मीटरवर ७४ होती, गूळ खाल्ला आणि जेवले. त्यामुळे सध्या घाई नको असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. गूळ आणि मीटर दोन्ही आता पिशवीत असतं.

पुण्याच्या मुलाशी बोललो. बिचाऱ्याला धक्काच बसला. ऑनलाइन साइटवर त्याने "इन्सुलिन सिरिंज" एवढंच शोधलं होतं आणि जी पहिली दिसली ती मागवली. साइटने बाटली कोणती ते विचारलं नाही. त्याने दर तीन महिन्यांनी आपोआप येणारी ऑर्डर लावून ठेवली होती, ती आधी रद्द करायला लावली. तरी दुसरं खोकं कुरिअरमध्ये निघालेलं आहे. ते आलं की आजोबा माझ्याकडे आणून देणार आहेत.

केमिस्ट_चंदू
१००च्या कार्ट्रिजवाल्यांना लागतात कधी पेन बंद पडलं की. खोकं सीलबंद असेल तर माझ्याकडे पाठवा, गिऱ्हाईक आहे. बाटलीचा आकडा विचारूनच देईन.